सोवळ्याला खिसा नसतो

सोवळ्याला खिसा नसतो हे मला बारा वाजून वीस मिनिटांनी कळलं. मुहूर्त 12:37 चा.

मंगळवार, निफ्टीची एक्स्पायरी. भाचीच्या लग्नाच्या दिवशी ट्रेड घ्यायचाच कशाला, हे बायकोने सकाळी विचारून झालं होतं. पण मिरजेच्या त्या कार्यालयात नऊ-सव्वानऊला करण्यासारखं होतं तरी काय? पोहे खाल्ले, वर माडीवर जाऊन चार्ट उघडला आणि पावणेदहाला 26,000 चा कॉल 38 रुपयांना विकून मोकळा झालो. तेव्हा लॉट पंचाहत्तरचा होता, तीन लॉट म्हणजे सव्वादोनशे. प्रीमियम रुपयाने वर गेला की माझे सव्वादोनशे गेले, असा सोपा हिशेब. स्टॉपलॉस नेहमीप्रमाणे डोक्यात, साठला. डोक्यातला स्टॉपलॉस फार सोयीचा असतो, त्याला पुढे ढकलायला ब्रोकरेज पडत नाही.

"मामा, सोवळं नेसला नाहीस अजून?" ताई दारात उभी. "गुरुजी तीनदा म्हणाले, मुलीच्या मामांना बोलवा."

नेसलो. वर उपरणं. फोन कमरेला खोचून पाहिला, निऱ्यांसकट खाली आला. उपरण्याच्या टोकाला बांधला तर गोफणीसारखा हेलकावायला लागला. प्रीमियम तेव्हा 44 होता.

ताईने हात पुढे केला. "दे इकडे. नाहीतर 'सावधान' ऐकून रामदासांसारखा तूच पळशील मांडवातून."

"दोन मिनिटं."

आयुष्यात पहिल्यांदा खरा स्टॉपलॉस टाकायला घेतला. ऑप्शनला मार्केट स्टॉपलॉस चालत नाही, ट्रिगर आणि लिमिट दोन्ही भरावे लागतात. ट्रिगर 60, लिमिट 61. घाईत एकाच रुपयाचं अंतर ठेवलं. बोटाला मघाशीच लावलेलं कुंकू ओलं होतं, स्क्रीनवर तांबडा फराटा उठला आणि त्याखाली ऑर्डर गेली की नाही ते दिसेना. पुसतोय तोवर ताईने फोन काढून घेतला आणि समोर बसलेल्या नमूमावशीच्या हातात दिला. मावशी ब्याऐंशी वर्षांची, तिच्याकडे दिलेली वस्तू हरवत नाही, फक्त कुठे ठेवली ते तिला आठवत नाही.

गौरीहरापाशी मुग्धा डोळे मिटून बसली होती. तिला उठवून बोहल्यावर आणलं, पाटावर उभी केली आणि मी मागे उभा राहिलो. अंतरपाट धरला गेला. एका हातात अक्षता, दुसरा तिच्या खांद्यावर. गुरुजी निवांत गाणारे निघाले. त्यात वराच्या दोन आत्या आणि एक काका, प्रत्येकाने स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणलेली. एक अष्टक साधारण एका मिनिटाचं, पाच झाली की एक कँडल. तिसऱ्या कँडलला माझ्या तळहातातल्या अक्षता भिजून चिकटल्या होत्या. ऑर्डर गेली असेल का? गेली नसेल तर? शंभराला असेल आता, दीडशेलाही असेल.

"मामा," मुग्धा मान न वळवता पुटपुटली, "खांदा दुखतोय."

हात सैल केला. मघापासून मी तो किती आवळला होता कुणास ठाऊक. ती थोडी मागे रेलली, लहानपणी पंचमीच्या झोक्यावर रेलायची तशी, आणि पुढची दोन अष्टकं मी नुसती ऐकली. मग वाजंत्री, अक्षता, मिठ्या, फोटो, पुन्हा फोटो.

मावशी पंगतीत सापडली. जिलबी संपवल्याशिवाय ती उठेना. मग तिने पानाचा डबा उघडला. सुपारी, कात, लवंगा आणि विड्याच्या पानांत गुंडाळलेला माझा फोन.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पावणेएकच्या सुमाराला प्रीमियम एका झेपेत 55 वरून 70 च्या पुढे गेलेला. ट्रिगर लागला, पण लिमिट 61 ची, तिला भाव मिळाला नाही. ऑर्डर तशीच लटकली. प्रीमियम 104 ला जाऊन आला. उतरताना 61 ला मात्र बरोबर माझी ऑर्डर भरून घेतली आणि खाली निघून गेला. आता 9 रुपये. म्हणजे टाकला नसता तर नफा, नीट टाकला असता तर तोटा थोडा जास्त, आणि मला मिळाला 5,175 चा तोटा. 104 ला मी स्वतः घाबरून कापलं असतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं. फोनला काताचा वास येत होता.

"सारखा थरथरत होता रे," मावशी म्हणाली. "लेकरासारखा मांडीवर घेऊन थोपटला, तरी थांबेना. म्हणून डब्यात घातला. घरात कुणी अत्यवस्थ आहे का?"

"होता एक, मावशी. गेला."

मावशीचा हात पानावरच थांबला. "अरे देवा! आणि आज शुभकार्य! सुतक?"

"लांबचा होता," मी म्हणालो. "लागत नाही."

"मग हे धर," म्हणत तिने विडा पुढे केला.