गृहिणी व नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठी स्पोकन इंग्लिश वर्ग, आर्वी : मोफत डेमो क्लास रविवारी, ५ जुलै २०२६

कॉन्व्हेंटच्या डायरीत मॅडमनी दोन ओळी लिहून पाठवल्या की त्या वाचून घेण्यासाठी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीची वाट पाहावी लागते, आणि पालकसभेत सांगण्यासारखे बरेच असूनही ‘येस मॅडम’वरच बोलणे आटोपते, असे आर्वी परिसरातील अनेक गृहिणी आम्हाला सांगतात. बुटीबोरीला किंवा नागपूरला मुलाखतीसाठी जाणाऱ्या तरुण-तरुणींचे घोडे बहुधा पहिल्याच प्रश्नावर अडते. ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ’ ऐकले की पाठ केलेली चार वाक्ये संपतात आणि पुढचे सुचत नाही.

या दोघांसाठी बुधवार, ८ जुलैपासून तीन महिन्यांचा वर्ग सुरू होत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते; मनात मराठी वाक्य जुळवून ते शब्दाला शब्द उलटवण्याच्या सवयीमुळे, शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्यांचीही जीभ बोलताना अडखळते. म्हणून पहिले पंधरा दिवस वही उघडायची नाही, फक्त बोलायचे : ‘आय गेट अप ॲट फाइव्ह, आय फिल वॉटर, आय मेक टी.’ व्याकरण त्यानंतर, लागेल तेवढेच. नोकरीच्या बॅचमध्ये दर शनिवारी सराव मुलाखत होईल, तर गृहिणींच्या बॅचमध्ये शाळा, दवाखाना आणि बँक येथील संवाद घेतले जातील. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजीची हमी आम्ही देत नाही, कारण ती कोणालाच देता येत नाही. मात्र रोज वर्गात तोंड उघडणाऱ्याला पाच मिनिटे न थांबता स्वतःविषयी बोलता यावे, एवढी तयारी आम्ही करून घेतो.

गृहिणींची बॅच दुपारी १२.३० ते २ या वेळेत, म्हणजे डबे व जेवणे आटोपल्यावर आणि मुले शाळेतून परतण्याआधी असेल. नोकरीसाठी तयारी करणाऱ्यांना सकाळी ७ ते ८.३० किंवा सायंकाळी ६ ते ७.३० यांपैकी एक बॅच निवडता येईल. वर्ग सोमवार ते शनिवार भरतील आणि एका बॅचमध्ये पंधराच जणांना प्रवेश मिळेल.

तीन महिन्यांची फी २,७०० रुपये असून ती दरमहा ९०० रुपयांप्रमाणे भरता येईल. सरावपुस्तिकेचे १५० रुपये वेगळे लागतील. एकाच घरातून दोघे आल्यास दुसऱ्याच्या फीमध्ये ३०० रुपयांची सूट मिळेल.

डेमो क्लास ५ जुलैला सकाळी ११ वाजता, बसस्थानकासमोरील गल्लीत, आमच्या पहिल्या मजल्यावरील वर्गात होईल. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही आणि त्या दिवशी प्रवेशाचा आग्रहही केला जाणार नाही. बाहेरगावाहून येणाऱ्या भगिनींना एसटीचे तिकीट अर्धेच पडते, त्यामुळे येऊन पाहण्यास हरकत नसावी. जागा राखण्यासाठी या पेजवर आपले नाव, गाव आणि सोयीची वेळ मेसेज करावी. घरी लेकरू सांभाळायला कोणी नसल्यास त्याला सोबत आणावे.