रुग्णालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांचा सामंजस्य करार : स्वाक्षरी समारंभाचे सूत्रसंचालन

(१०.५० : टेबलावर निळे फोल्डर रुग्णालयाचे, हिरवे महाविद्यालयाचे. दोन्हींत मूळ प्रत, प्रत्येकी ११ पाने. पाने मोजून पाहिली आहेत. पहिल्या १० पानांवरच्या आद्याक्षरी सह्या सकाळी कार्यालयात झाल्या आहेत, मंचावर फक्त ११वे पान. सहीच्या जागी रंगीत चिकटपट्टी. चार निळी बॉलपेने, कागदावर चालवून बघितलेली. जेल पेन ठेवू नये : शाई ओली राहते आणि फोल्डर मिटताच समोरच्या पानावर उमटते. टेबलाच्या डाव्या हाताला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मागची बाजू सभागृहाकडे.)

(११.००)

नमस्कार. रुग्णालयाच्या सभागृहात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. आज आपले रुग्णालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यात वैद्यकीय उपकरणांची देखभाल आणि विद्यार्थी प्रशिक्षण यांसाठी सामंजस्य करार होत आहे. कार्यक्रम ४० मिनिटांचा आहे. वॉर्डमधली ड्युटी सोडून आलेल्या परिचारिका ताई आणि तंत्रज्ञ मंडळी समोर बसली आहेत, म्हणून वेळ पाळायचीच आहे. मोबाइल कृपया सायलेंटवर ठेवावेत. ऑन कॉल डॉक्टरांनी मात्र फोन चालू ठेवून दाराजवळच्या खुर्च्यांवर बसावे.

मंचावर रुग्णालयाच्या वतीने आहेत वैद्यकीय अधीक्षक सर आणि अधिसेविका मॅडम. महाविद्यालयाच्या वतीने प्राचार्य मॅडम आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे विभागप्रमुख सर. अधीक्षक सर आणि प्राचार्य मॅडम स्वाक्षरी करतील, अधिसेविका मॅडम आणि विभागप्रमुख सर साक्षीदार म्हणून सही करतील. चौघांचेही टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया.

(टाळ्या. लगेच पुढे.)

दोन्ही संस्थांची ओळख थोडक्यात करून देते. आपले रुग्णालय २०० खाटांचे आहे. अतिदक्षता विभाग, दोन शस्त्रक्रियागृहे, नवजात शिशु कक्ष आणि दिवसरात्र चालणारा अपघात विभाग. या सगळ्यांची यंत्रे सांभाळायला एक बायोमेडिकल अभियंता आणि दोन तंत्रज्ञ. तिघेही मनापासून काम करतात, पण एक व्हेंटिलेटर अडला की त्यांचा सबंध दिवस तिथेच जातो आणि बाकीच्या तक्रारी मागे पडतात.

महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे मिळून १२० विद्यार्थी आहेत. ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग स्टेशन, कॅलिब्रेट केलेले मल्टिमीटर, सगळे त्यांच्या प्रयोगशाळेत आहे. नव्हती ती फक्त खरीखुरी, वापरून झिजलेली, धूळ बसलेली यंत्रे. प्रयोगाच्या पाटीवर जोडलेले सर्किट नेहमी पाठ्यपुस्तकाप्रमाणेच वागते. खाटेजवळ तीन वर्षे चाललेले यंत्र तसे वागत नाही, आणि अभियंता घडतो तो त्याच्यावरच.

आता कराराच्या हेतूकडे येते. त्यासाठी या यंत्राकडे बघावे.

(कॉन्सन्ट्रेटरजवळ जाऊन मागची जाळी काढावी, स्पंजचा फिल्टर हातात धरावा.)

हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. हे यंत्र ती हवा दाबाखाली झिओलाइटच्या दाण्यांमधून नेते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि रुग्णाला सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. हे यंत्र ‘बिघडले’ म्हणून भांडारात गेले होते. आत कोणताही सुटा भाग तुटलेला नव्हता. हा तळहाताएवढा स्पंज बघा : मुळात काळा आहे, आता धुळीने राखाडी झालाय आणि बोटाने दाबला तर नमद्यासारखा लागतो. यातून हवा पुरेशी जात नाही, कॉम्प्रेसर तापतो, प्रवाह घटतो आणि यंत्र इशारा देऊ लागते. स्पंज कोमट पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि मग बसवायचा. ‘पूर्ण’ हा शब्द मुद्दाम उच्चारते आहे. ओला स्पंज घाईने बसवला तर ओलसर हवा आत ओढली जाते, आणि ओलावा झिओलाइटचा शत्रू आहे. मग फिल्टर स्वच्छ असूनही शुद्धता उतरते आणि दुरुस्ती दहापट मोठी होते.

तळमजल्यावरच्या भांडारात आज अशी ४३ यंत्रे बंद पडून आहेत. महिनाभरापूर्वी दोन्ही संस्थांच्या लोकांनी मिळून ती एकेक उघडून पाहिली. १७ यंत्रांत दोष वायर, कफ किंवा बॅटरीचा. १४ यंत्रांना फक्त साफसफाई, फिल्टर आणि तपासणी हवी. ९ यंत्रांना सुटे भाग लागतील. ३ दुरुस्तीपलीकडची आहेत, त्यांचे निर्लेखन करावे लागेल. म्हणजे ४३ पैकी ३१ यंत्रे थोड्या कष्टांत वॉर्डमध्ये परत जाऊ शकतात. हा करार त्या ३१ यंत्रांसाठी आहे, आणि पुढची ३१ भांडारात जाऊ नयेत यासाठी आहे.

यंत्रे अशी का साठतात, तेही इथे सांगायलाच हवे. वॉर्डमधून यंत्र खाली येते तेव्हा चिठ्ठीवर दोनच शब्द असतात : ‘चालत नाही’. कधी बंद पडले, कोणता इशारा दिसला, त्या वेळी बॅटरीवर होते की मेनवर, काही लिहिलेले नसते. तंत्रज्ञ ते चालू करतो, ते चालते, वर जाते आणि दोन दिवसांत परत येते. दुसरे कारण बॅटरीचे. लेड ॲसिड बॅटरी असलेले यंत्र चार्ज न करता महिनोन्‌महिने कपाटात ठेवले की बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते आणि ती मरते. यंत्र ठणठणीत, पण वाहतुकीत रुग्णाबरोबर नेता येत नाही.

(११.१५. स्वाक्षरीची तयारी : दोन्ही सहायकांनी फोल्डर ११व्या पानावर उघडावेत. स्वाक्षरीकर्ते टेबलाच्या एकाच बाजूला, सभागृहाकडे तोंड करून. साक्षीदार दोन्ही टोकांना. सहायक खुर्चीच्या मागे उभे.)

सह्यांपूर्वी करारातली मुख्य कलमे वाचते, म्हणजे कशावर सही होते आहे ते इथल्या प्रत्येकाला कळेल.

कराराची मुदत आजपासून ३ वर्षे. दर आठवड्याला सोमवार आणि गुरुवारी, सकाळी ९ ते दुपारी १, आठ विद्यार्थ्यांची एक तुकडी एका प्राध्यापकांसह रुग्णालयाच्या कार्यशाळेत काम करेल. जागा, वीज, सुटे भाग आणि संसर्ग नियंत्रणाचे प्रशिक्षण रुग्णालय देईल. मोजमापाची उपकरणे, हत्यारे आणि विद्यार्थ्यांचा विमा ही महाविद्यालयाची जबाबदारी. कोणत्याही पक्षाला ९० दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. मात्र उघडलेले प्रत्येक यंत्र त्याआधी जोडून परत द्यावे लागेल.

कलम ७ शब्दशः वाचते. ‘रुग्णाला जोडलेल्या कोणत्याही उपकरणास विद्यार्थी स्पर्श करणार नाहीत. दुरुस्त झालेले उपकरण रुग्णालयाच्या बायोमेडिकल अभियंत्याने तपासून स्वाक्षरीत केल्याशिवाय वॉर्डमध्ये जाणार नाही.’ या कराराचा कणा हे कलम आहे. ज्या रुग्णाच्या हृदयापर्यंत नळी गेलेली आहे, त्याला काही मायक्रोअँपियरचा गळती प्रवाहसुद्धा घातक ठरू शकतो. म्हणून अर्थिंग आणि गळती प्रवाह मोजल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण धरली जाणार नाही. इन्फ्युजन पंप असेल तर तासाला ६० मिलिलिटर लावून तासभर मोजपात्रात द्रव गोळा केला जाईल आणि आकडा नोंदवहीत लिहिला जाईल. ईसीजी यंत्र असेल तर १ मिलिव्होल्टचा संकेत देऊन रेघ १० मिलिमीटर उठते का, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो का, ते पट्टीने मोजले जाईल. ‘चालतंय’ असा शेरा मान्य नाही. आकडा हवा.

कलम ९ वॉर्डसाठी आहे. यापुढे यंत्राबरोबर नवी तक्रार चिठ्ठी येईल : तारीख, वेळ, वॉर्ड, दिसलेला इशारा, मेन की बॅटरी, आणि यंत्र निर्जंतुक पुसून दिले आहे का. शेवटचा रकाना रिकामा असेल तर यंत्र कार्यशाळेत घेतले जाणार नाही. परिचारिका ताईंना विनंती, ही अट विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी आहे, ती मनावर घ्यावी.

आता अधीक्षक सर आणि प्राचार्य मॅडम यांनी कृपया स्वाक्षरी करावी.

(दोघे आपापल्या फोल्डरमध्ये सही करतात, तारीख स्वहस्ताक्षरात. सही चालू असताना बोलत राहावे.)

रुग्णालयाच्या प्रतीत रुग्णालयाचे नाव आधी आहे, महाविद्यालयाच्या प्रतीत महाविद्यालयाचे. प्रत्येकजण आधी आपल्या प्रतीवर सही करत आहेत. आता सहायक फोल्डरांची अदलाबदल करतील आणि दुसऱ्या प्रतीवर सह्या होतील. दोन्ही प्रती मूळच राहतात. झेरॉक्स कोणाकडेच जात नाही.

(अदलाबदल. सहायकाने निळे फोल्डर उजवीकडे, हिरवे डावीकडे सरकवावे. एकमेकांच्या हातावरून नको, पेने पडतात. दुसऱ्या सह्या. नंतर साक्षीदार दोन्ही प्रतींवर. मग शिक्के : शिक्का सहीच्या शेजारी उमटवावा, सहीवर नाही. सहायकाने चारही सह्या, चारही तारखा आणि साक्षीदारांच्या सह्या मोजून मान हलवून खूण करावी. खूण मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.)

दोन्ही प्रतींवर सह्या, तारखा आणि शिक्के पूर्ण झाले आहेत. अधीक्षक सर आणि प्राचार्य मॅडम यांनी उभे राहून प्रती एकमेकांना द्याव्यात. सर, आपल्या हातातली हिरवी प्रत मॅडमना. मॅडम, आपल्या हातातली निळी प्रत सरांना. फोल्डर उघडे धरून क्षणभर समोर बघावे, छायाचित्र घ्यायचे आहे.

(टाळ्या. छायाचित्र : आधी दोघे, मग साक्षीदारांसह चौघे. दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही.)

अधीक्षक सरांना विनंती, त्यांनी पाच मिनिटे बोलावे. त्यानंतर प्राचार्य मॅडम.

(दोन्ही मनोगते. सहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतून खूण.)

सर, मॅडम, मनःपूर्वक आभार. समन्वयक म्हणून रुग्णालयाकडून बायोमेडिकल अभियंता आणि महाविद्यालयाकडून विभागप्रमुख सर काम पाहतील. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी २ वाजता दोघे नोंदवही समोर ठेवून बसतील : किती यंत्रे आली, किती परत गेली, कोणती ३० दिवसांत पुन्हा आली. पुन्हा आलेल्या यंत्राची चौकशी नव्याने होईल, मग दुरुस्ती कोणीही केलेली असो.

ज्या तंत्रज्ञांनी ४३ यंत्रे हाताने उघडून यादी केली आणि ज्या विद्यार्थ्यांनी सुट्टीचे दोन रविवार त्यासाठी दिले, त्यांनी जागेवरच उभे राहावे. आजची प्रत्येक सही त्यांच्या यादीवर उभी आहे.

(टाळ्या.)

पहिली तुकडी येत्या सोमवारी सकाळी ९ वाजता तळमजल्यावरच्या कार्यशाळेत हजर राहील. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा ॲप्रन, हातात अंगठी किंवा घड्याळ नको. हिपॅटायटिस बी लसीची नोंद ज्यांनी दिलेली नाही, त्यांनी ती आजच अधिसेविका मॅडमच्या कार्यालयात द्यावी, नाहीतर सोमवारी प्रवेश मिळणार नाही. पहिले काम ठरलेले आहे : हाच कॉन्सन्ट्रेटर. त्याचा स्पंज आता धुवायला पाठवते आहे, सोमवारपर्यंत वाळेल.