विषय: अभ्यासिकेची ऑर्डर क्र. 2614 – 18 टेबलं आणि 30 खुर्च्या शुक्रवारी, उरलेल्या 12 टेबलांबद्दल तुमचा निर्णय हवा आहे

नमस्कार सावंत मॅडम,

नौपाड्यातल्या अभ्यासिकेसाठी तुम्ही मागवलेल्या 30 टेबलांपैकी 18 तयार आहेत. 30 खुर्च्याही तुर्भ्याच्या गोदामात बांधून ठेवल्या आहेत. 12 टेबलं मात्र 18 जूनच्या उद्घाटनाआधी तुम्ही निवडलेल्या सागवानी शेडमध्ये होणार नाहीत. उद्घाटनाची तयारी करायला तुम्हाला हाताशी वेळ असावा, म्हणून आजच कळवते आहे.

त्या शेडचं बोर्ड कंपनीकडून यायचं आहे. आमच्याकडे होतं ते सगळं पहिल्या 18 टेबलांना लागलं. पुढचा माल बुधवार, 17 जूनला येईल असं कंपनीने कळवलंय. त्यानंतर कटिंग, एज बँडिंग, पार्टिशनची भोकं आणि पायांची जोडणी धरून 12 टेबलं मंगळवारी, 23 तारखेला तयार होतील आणि बुधवार, 24 जूनला तुमच्याकडे पोहोचतील. एज बँडिंग घाईत उरकायचं नाही, असं मी कारखान्यात सांगितलं आहे. मुलं दिवसभर हात टेकून बसणार, त्यात पावसाळ्याची ओल. कडेची पट्टी नीट बसली नाही तर बोर्ड तिथूनच फुगायला लागतं.

आता तुमच्यापुढे हे पर्याय आहेत.

पर्याय 1: शुक्रवार, 12 जूनला 18 टेबलं आणि सगळ्या खुर्च्या, उरलेली 12 टेबलं 24 जूनला. दुसऱ्या फेरीचं टेम्पोभाडं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली आमच्याकडे. दोन लॉटच्या बोर्डांत रंगाचा थोडा फरक पडू शकतो. म्हणून 18 टेबलं मोठ्या हॉलमध्ये आणि नंतरची 12 आतल्या खोलीत लावावीत असं मी सुचवेन. शेजारी शेजारी लावली तरच फरक डोळ्यांत भरतो.

पर्याय 2: शुक्रवारी पर्याय 1 इतकाच माल, पण उरलेली 12 टेबलं ऑफ-व्हाइट शेडमध्ये. हे बोर्ड गोदामात आहे, त्यामुळे ती बुधवार, 17 जूनला, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बसवून होतील. माप, पार्टिशन, दर, सगळं तेच.

पर्याय 3: सगळा माल एकदमच, 24 जूनला. मग उद्घाटन पुढे ढकलावं लागेल.

पर्याय 4: 12 टेबलं रद्द. त्याचे काहीही पैसे कापले जाणार नाहीत. 12 खुर्च्या परत करायच्या असतील तर त्याही घेऊ.

माझ्या मते, पहिल्या आठवड्यात 18 जागांवर भागत असेल तर पर्याय 1 घ्यावा, कारण पुढची कित्येक वर्षं तुम्हाला हवी तीच शेड राहील. पण तिसाही जागांचे पैसे आधीच घेतले असतील, तर पर्याय 2 बरा. पैसे भरून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी जागा नाही म्हणून परत पाठवणं बरं दिसत नाही.

पैशांचं असं: बिल फक्त पाठवलेल्या मालाचंच होईल. शुक्रवारच्या मालाचे 18 टक्के जीएसटी धरून 1,79,832 रुपये होतात. तुमचे 1,23,900 रुपये ॲडव्हान्स जमा आहेत, ते पूर्ण याच बिलातून वजा केले, तर शुक्रवारी 55,932 रुपये द्यायचे राहतात. 12 टेबलांचे 67,968 रुपये ती पोहोचल्यावरच द्या, आत्ता नकोत.

पर्याय 1, 2 किंवा 4 घेणार असाल तर उद्या, गुरुवारी दुपारी 1 पर्यंत कळवा, म्हणजे संध्याकाळी टेम्पो भरता येईल. या मेलला नुसता पर्यायाचा आकडा लिहून पाठवलात तरी पुरे. तुमचा होकार आल्याशिवाय काहीच पाठवणार नाही.

टेम्पो शुक्रवारी सकाळी 11 ते 1 च्या दरम्यान पोहोचेल. जोरदार पाऊस असेल आणि विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं, तर गाडी ऐरोली पुलावरून मुलुंडमार्गे आणू, तेव्हा तासभर उशीर धरा. टेबलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असतील. जोडणीला आमचा कारागीर सोबत येईल. ओल येणारी भिंत असेल तर त्याला आधीच दाखवा, तिथे टेबल चार बोटं लांब ठेवायला हवं.

सागवानी शेडसाठी थांबणार असाल तर 17 जूनला संध्याकाळी बोर्ड आलं की त्याचा फोटो तुम्हाला पाठवीन. आलं नाही, तर तेही त्याच संध्याकाळी कळवीन आणि तेव्हाही 12 टेबलं रद्द करायची किंवा ऑफ-व्हाइटमध्ये घ्यायची मुभा तुम्हाला राहील.

आपली,
माधुरी
विक्री विभाग, तुर्भे
10 जून 2026