आराध्याच्या डोळ्यांच्या तपासणीबाबत पालकांना पत्र

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पिंपळवाडी
ता. दिंडोरी, जि. नाशिक
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
श्री. दत्तात्रय व सौ. मनीषा
(कु. आराध्या, इयत्ता दुसरी हिचे पालक)

विषय : शाळेतील नेत्रतपासणीचा निकाल व पुढील तपासणीबाबत

स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी, ८ तारखेला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत आले होते. त्यांनी सर्व मुलांचे डोळे तपासले. त्यात आराध्याच्या बाबतीत दोन गोष्टी आढळल्या. तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो, म्हणजे तिरळेपणा आहे, आणि तिला दोन्ही डोळ्यांनी लांबचे कमी दिसते. पथकातील डॉक्टरांनी तिला नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात दाखवायला सांगितले आहे. त्यांची चिठ्ठी या पत्रासोबत जोडली आहे. घाबरून जाऊ नका, पण हे काम पुढे ढकलूही नका, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

चिठ्ठीवर उजवा डोळा ६/१८ आणि डावा डोळा ६/६० असे लिहिलेले दिसेल. तपासताना मुलाला तक्त्यापासून सहा मीटरवर उभे करतात. चांगली नजर असलेल्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखता येते, ते आराध्याला उजव्या डोळ्याने सहा मीटरवर आल्यावरच ओळखता आले. डाव्या डोळ्याने तिला तक्त्यावरचे सगळ्यात वरचे, सगळ्यात मोठे चिन्हच तेवढे दिसले. खालच्या ओळींना ती गप्प उभी राहिली.

तपासणीच्या वेळी मी तिच्या शेजारीच होते. डावा डोळा पुठ्ठ्याने झाकला तेव्हा ती बोटांनी भराभर दिशा दाखवत होती. उजवा डोळा झाकला की मात्र मान वळवायची, पुठ्ठा हळूच खाली सरकवायची. दोन-तीनदा सांगूनही तेच. पथकातील डॉक्टर मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, म्हणून मूल चांगला डोळा झाकू देत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. वर्गातही ती फळ्यावरचे उतरवताना मान एका बाजूला कलती करते, मध्येच उठून पुढे येते, नाहीतर शेजारच्या मुलीच्या वहीत बघून लिहिते. आराध्या हुशार आहे. तोंडी गणिते ती इतरांच्या आधी सांगते. तिच्या लिखाणात चुका होतात त्या अभ्यास न केल्यामुळे नव्हेत, म्हणून त्यावरून घरी तिला बोलू नका ही विनंती.

आता घाई का, ते सांगते. दोन डोळ्यांतून दोन वेगळी चित्रे गेली की लहान मुलाचा मेंदू वाकड्या डोळ्याचे चित्र सोडून देतो. असे बराच काळ चालले की तो डोळा बघण्याचे काम नीट शिकतच नाही. डॉक्टर त्याला आळशी डोळा म्हणतात. आराध्याचे नेमके तसे झाले आहे का, हे मी सांगू शकत नाही आणि शाळेतल्या तपासणीवरूनही ते ठरत नाही. ते डोळ्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण तसे असेल तर उपचाराचा सर्वांत चांगला गुण लहान वयात येतो आणि आपली आराध्या येत्या जूनमध्ये आठ वर्षांची होईल. वय वाढेल तसा फायदा कमी होत जातो. पुढे मोठेपणी शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसू लागला, तरी गेलेली नजर त्याने परत येईलच असे नाही.

मागे पालक सभेला आजी आल्या होत्या. तिरळा डोळा नशिबाचा असतो, मोठी झाली की आपोआप सरळ होईल, असे त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे. पण या वयातला तिरळेपणा आपोआप जाईल म्हणून वाट पाहणे बरोबर नाही. आजींनाही हे पत्र वाचून दाखवा. चष्म्याने डोळे आणखी बिघडतात, मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण येते, असेही लोक बोलतात. चष्म्याने डोळे बिघडत नाहीत. आणि लग्नाची चिंता करण्याआधी मुलीला फळा दिसला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रुग्णालयात डोळ्यांत औषध घालून नंबर तपासतील. त्या औषधाने काही काळ जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून जाताना सोबत टोपी न्या. मुलांना कधीकधी घरी घालायचे मलम देऊन काही दिवसांनी परत बोलावतात, तेव्हा दोन फेऱ्या होतील असे धरून चला. पुढे चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी किंवा गरज पडल्यास शस्त्रक्रिया, यातले काय करायचे ते डॉक्टर सांगतील. काही मुलांचा तिरळेपणा नुसत्या चष्म्यानेही कमी होतो. तोपर्यंत दुकानातून तयार चष्मा किंवा डोळ्यांचे थेंब आणू नका. मात्र बुबुळात पांढरी चमक दिसली, किंवा डोळा एकाएकी जास्त वळला आणि सोबत डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

संक्रांतीनंतर द्राक्षाची कामे अंगावर येतात आणि एक दिवस मोडला तरी रोज बुडतो, याची मला जाणीव आहे. म्हणूनच कामांचा जोर वाढण्याआधी, याच महिन्यात जाऊन या. सरकारी रुग्णालयातील तपासणी आणि उपचारांना पैसे लागत नाहीत. शाळकरी मुलांना चष्माही सरकारी योजनेतून मोफत मिळतो, तिथे त्याची चौकशी जरूर करा. सकाळच्या एसटीने गेलात तर केसपेपरच्या रांगेत वेळेवर नंबर लागेल. पथकाची चिठ्ठी, आराध्याचे आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. त्या दिवशीच्या शाळेची काळजी करू नका, बुडालेला अभ्यास मी करून घेईन. तुम्हा दोघांनाही जमत नसेल तर मला सांगा. पथकाशी बोलून आणि आशाताईंना विचारून काही सोय होते का ते पाहू.

शाळेत आजपासून आराध्याला पहिल्या रांगेत, फळ्यासमोर मधोमध बसवले आहे. फळ्यावरचे मी मोठ्या अक्षरांत लिहिते आणि वाचूनही दाखवते. डोळ्यावरून तिला कोणी चिडवू नये याकडे माझे लक्ष आहे. चष्मा किंवा पट्टी सुरू झाली तर वर्गात ती काढून ठेवली जाणार नाही, हेही मी बघेन. घरी तिला "तिरळी" म्हणून हाक मारू नका, लाडानेसुद्धा नको. पट्टी लावायची वेळ आली तर ती नक्की रडेल, कारण चांगलाच डोळा झाकला जाईल. तेव्हा आई-बाबांनी एकच धोरण ठेवा. एकाने लावायची आणि दुसऱ्याने दया येऊन काढायची, असे होऊ देऊ नका.

पत्र मिळाल्याची सही खालच्या चिठ्ठीवर करून ती आराध्याच्या वहीत ठेवून पाठवा. कोणत्या दिवशी जाणार ते शुक्रवारपर्यंत कळवा. काही विचारायचे असेल तर शाळा सुटल्यावर संध्याकाळी साडेपाचपर्यंत मी शाळेतच असते. रुग्णालयातून आल्यावर तिथला कागद मला दाखवा, म्हणजे वर्गात तिच्यासाठी काय करायचे ते मलाही कळेल.

आपली,
सुनीता
वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी

सोबत : आरोग्य पथकाची चिठ्ठी

- - - - - - - - - - - - - - -

कु. आराध्या, इयत्ता दुसरी हिच्या नेत्रतपासणीचे पत्र आणि आरोग्य पथकाची चिठ्ठी मिळाली. पत्र वाचले / वाचून घेतले.

पालकांची सही / अंगठा :