वसंतकाकांच्या व्याख्यानाची प्रस्तावना: तंबोऱ्याची जवारी

नमस्कार मंडळी.

हद्दू-हस्सूखाँची गायकी आपल्या ग्वाल्हेरची. वासुदेवबुवा जोशींकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली, मिरजेला नेली, आणि तिथे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी शिकले. इथलं गाणं मिरजेला गेलं, आणि मिरजेचे तंबोरे आपल्याकडे आले. समोर ठेवलेली ही जोडीही मिरजेचीच आहे: मोठा काळी एकमध्ये लावलाय, लहान काळी चारमध्ये.

तंबोरा घरात असूनही रियाजाला मोबाईलवरचा लावायचा, हे आता सर्रास झालंय. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वाजत नाही हो नीट, तारा बदलायला हव्यात." तारा बदलतात, तरी आवाज ठोकळ्यासारखाच येतो. कारण बहुतेक वेळा दोष तारेत नसतो, घोडीत असतो.

घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उताराला घासत, जेमतेम स्पर्श करत थरथरते. त्यातून स्वरावली उलगडत जाते. ती जवारी. रोज एकाच जागी तार घासून तिथे बारीक चर पडतो. मग तार उताराला स्पर्श करण्याऐवजी चरात रुतते आणि जवारी बसते. अशा घोडीवर कितीही महागाची नवी तार चढवली तरी ती त्याच चरात जाऊन बसणार.

यावर घाईने कानस चालवणं हे आणखी वाईट, आणि हे मला आज आवर्जून सांगायचंय. एकदा जास्त घासली गेलेली घोडी पुन्हा भरून येत नाही. तिची उंची उतरली की तारा तबलीकडे झुकतात आणि सगळं गणितच बिघडतं. म्हणून आधी दोरा बघायचा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला तो सुती किंवा रेशमी दोरा जुना होऊन चपटा झाला असेल, तर निव्वळ तो बदलून आवाज सुटल्याची उदाहरणं आहेत. कानस ही शेवटची पायरी.

आजचे वक्ते ही शेवटची पायरी जाणतात, आणि तिच्याआधीच्या सगळ्याही. काकांनी आयुष्यभर गाणं शिकवलं. गवय्याला नेमकं काय ऐकू यायला हवं हे त्यांना गळ्यातून माहीत आहे, आणि कारागिराला कुठे थांबायला हवं हे हातातून. ही दोन्ही अंगं एका माणसात क्वचित सापडतात. जवारी लावणारे पुष्कळदा गात नाहीत, आणि गाणारे घोडीला हात लावायला घाबरतात.

काका आधी मोठ्या तंबोऱ्याच्या चारही तारांचे दोरे काढून तो वाजवतील, मग एकेक दोरा सरकवत नेतील. पंचम, दोन जोड आणि खर्ज, याच क्रमाने ऐका. दोरा योग्य जागी आला की पितळी खर्जातून गांधार ऐकू येईल. तो कोणत्याच तारेवर लावलेला नाही. खर्जाच्याच पाचव्या स्वनातून तो उमटतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. पहिल्यांदा ऐकू आला नाही तर डोळे मिटून तार विरत जाईपर्यंत थांबा, छेडल्याक्षणी तो शोधू नका.

तीन विनंत्या. पंखे बंद केले आहेत, कारण वाऱ्याच्या झोताने तारांचे सूर हलतात आणि पुढे ऐकू येणारे फरकही अगदी बारीक आहेत. तेवढा उकाडा सोसावा. मोबाईल निव्वळ सायलेंट नको, बंद करा, कारण थरथरणारा फोन खुर्चीवरही गुणगुणतो. आणि दोरा सरकत असताना टाळ्या नकोत. आधीचा आवाज कानात टिकला पाहिजे, तरच पुढच्याशी त्याची तुलना होईल. प्रश्न शेवटी घेऊ. ज्यांनी घरून घोडी किंवा तंबोरा आणलाय, त्यांनी तो डावीकडच्या सतरंजीवर आडवा, खुंट्या भिंतीकडे करून ठेवावा. उभा टेकवून ठेवलेला तंबोरा येता-जाता पायाने घसरतो आणि भोपळा तडकतो.

*(माईकची उंची काकांच्या बसण्याएवढी आणून मग शेवटची ओळ. ती म्हणून लगेच बाजूला व्हायचं.)*

तंबोऱ्याची जवारी: बसते का, आणि उघडते कशी. मंडळी, वसंतकाका.