विलास्या, सकाळचा मेसेज सोड, हा वाच

विलास, सकाळी ग्रुपवर माझ्या नावानं जे गेलं ना, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आई जगदंबा आपणास उदंड आयुष्य देवो', खाली केक आणि गुलाबाचं फूल, ते तुझ्यासाठी नव्हतं. कुणीतरी मला पाठवलेलं मी पुढं ढकललं. आणि तेच अनिल्याला, तेच सुभाषला. आपल्या वर्गातले निम्मे 1 जूनलाच जन्मले, त्याला मी काय करू? गुरुजींनी दाखल करून घेताना ज्याची तारीख घरच्यांना आठवली नाही, त्याच्या नावापुढं 1 जून टाकून दिला. तुझी माय तर सांगायची का तू तुरीच्या सोंगणीत झाला. म्हणजे आज तुझा वाढदिवस नाहीच. पण कागदावर पन्नास झाले, तर होऊ दे.

दुपारी जेवण झाल्यावर वाटलं, तुला 'आपणास' म्हणणारा मी कोण बे? म्हणून आता नीट लिहितो.

1994 चा डिसेंबर. बाबांचा पाय मोडला होता, म्हणून कापसाची बंडी घेऊन केंद्रावर मलाच जावं लागलं. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, कापूस दुसरीकडं विकताच येत नव्हता. बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. तुमचा कापूस तर आधीच मोजून झाला होता. तुझं तिथं काही काम नव्हतं. तरी तू धुऱ्यावरून पळत आला आणि चालत्या बंडीत चढला. "एकटा बसशीन का रातभर? भूत खाईन तुले," एवढंच म्हणाला.

पहिली रात्र मजेत गेली. कापसात गळ्यापर्यंत रुतून झोपलो, थंडी लागलीच नाही. तसं अंथरूण पुढं मला कोणत्या लॉजात मिळालं नाही. दुसऱ्या रात्री ढवळ्या दावं तोडून गेला. मी जागा झालो तेव्हा जूपाशी एकटा पवळ्या उभा. बाबांना काय सांगू, या भीतीनं मी तिथंच रडत बसलो. आजूबाजूचे बंडीवाले म्हणत होते, सकाळी पाहू. तू मात्र म्हणाला, "काहून रडून रायला बे? बैल हाये तो, यष्टी नोहे सुटून जायले." आणि माझा कंदील घेऊन नाल्याकडं निघून गेला. मी बंडी सोडून येऊ शकत नव्हतो. कापूस कुणी ओढून नेला असता.

तांबडं फुटलं तेव्हा तू आला. एका हातात ढवळ्याचा कासरा, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडीत सहा आलूबोंडे, गरम. तेलानं कागद पार पारदर्शक झालेला. पायात एकच चप्पल. दुसरी नाल्याच्या चिखलात राहिली म्हणाला. मग तळपाय वर केला तर बाभळीचा काटा अर्धा आत. मी बंडीवर बसून सेफ्टी पिनेनं तो काढला आणि तू दुसऱ्या हातानं आलूबोंडा खात होता. ओय एकदाही केलं नाही, फक्त मिरची लागली म्हणून सू-सू केलं.

कापूस तिसऱ्या दिवशी मोजून झाला. ग्रेडरनं मूठभर उचलून ओढून पाहिला, चिठ्ठी दिली. चुकारा आला तेव्हा माझी बारावीच्या फॉर्मची फी त्यातूनच भरली. हे तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही ते असं, की ते आलूबोंडे कशाचे होते हे मला उन्हाळ्यात तुझ्या मायनं सांगितलं. तुझ्या नव्या चपलेसाठी तिनं बांधून दिलेले पैसे होते ते. तू पुढं संक्रांतीपर्यंत अनवाणी फिरला, आणि मी तुला वर्गात 'साधूबुवा' म्हणून चिडवत होतो. त्याबद्दल तीस वर्षांत मी कधी काही बोललो नाही. आता बोललो.

तर राजा, शुभेच्छा. गुडघे ठणठणीत राहोत, यंदा पावसाची वाट पाहा, धूळपेरणीची घाई करू नको. वहिनीला सांग, डाव्या तळपायाला काटा जिथं शिरला होता तिथं अजून गाठ आहे का ते पाहून कळव.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो. येताना चौकातून आलूबोंडे आणतो, तर्री घरीच कर म्हणा. नऊ नंबरची चप्पल घेतली आहे, होत नसेल तर बदलून मिळते म्हणाला दुकानदार.

तुहा,
गज्या