हरवलेल्या पानावरील तीन समीकरणे, साध्या एकरेषीय लेखनात

अभ्यासमंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार,

प्राचीन चिनी गणितावरील पाठ्यपुस्तकाच्या ज्या पानाचे छायाचित्र आपण तीन आठवडे वापरत होतो, ते माझ्या जुन्या फोनसोबत गेले आणि त्याची दुसरी प्रत कोणाकडेच निघाली नाही. पुस्तकही ग्रंथालयात परत गेले आहे. त्यामुळे माझ्या वहीत उतरवलेले बारा आकडे, उदाहरणाचे शब्दांतील रूप आणि उत्तर, या तीन गोष्टींवरून ते पान मी खाली पुन्हा लिहून काढले आहे. हे लेखन साध्या अक्षरांत केले आहे, कारण आपल्यापैकी एक सदस्य संगणकावर एनव्हीडीए या वाचक-प्रणालीने ऐकून अभ्यास करतात आणि छायाचित्रातला एकही आकडा त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. हे मला छायाचित्र हरवल्यावर जाणवले, आधी जाणवायला हवे होते.

उदाहरण ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या चिनी ग्रंथाच्या आठव्या अध्यायातले पहिले आहे. या ग्रंथावर लिऊ हुई यांनी इ.स. २६३ मध्ये भाष्य लिहिले. उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या धान्याच्या पेंढ्या आहेत. उत्तम ३, मध्यम २ आणि हलकी १ यांपासून ३९ मापे धान्य मिळते. उत्तम २, मध्यम ३ आणि हलकी १ यांपासून ३४ मापे. आणि उत्तम १, मध्यम २ आणि हलक्या ३ यांपासून २६ मापे. प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीतून किती धान्य निघते, हा प्रश्न आहे. एका पेंढीचे उत्पन्न अनुक्रमे x, y, z मानल्यास समीकरणे अशी होतात:

```
(1)  3*x + 2*y + 1*z = 39
(2)  2*x + 3*y + 1*z = 34
(3)  1*x + 2*y + 3*z = 26
```

गुणाकाराचे चिन्ह आणि 1 हा सहगुणकही मी मुद्दाम लिहिला आहे. छापील पानावर दोन्ही गाळलेले चालतात, कारण तिथे पदे एकाखाली एक येतात आणि रिकामी जागा डोळ्यांना दिसते. कानांना ती ऐकू येत नाही.

मॅट्रिक्सच्या लेखनात स्वल्पविराम एका आडव्या ओळीतले घटक वेगळे करतो आणि अर्धविराम ती ओळ संपवतो. ऑक्टेव्ह ही संगणक-प्रणाली खालच्या पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा स्वीकारते, म्हणून आकडेही इंग्रजी कळफलकावरचे ठेवले आहेत; तिसरी ओळ मात्र केवळ समीकरण म्हणून वाचायची आहे.

```
A = [3, 2, 1; 2, 3, 1; 1, 2, 3]
b = [39; 34; 26]
A * [x; y; z] = b
```

वाचक-प्रणालीत विरामचिन्हे ऐकू येण्याची पातळी कमी ठेवलेली असेल, तर कंसातले आकडे सलग नऊ आकड्यांसारखे ऐकू येतील. त्या वेळी वर दिलेली तीन समीकरणेच प्रमाण मानावीत.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः चुकलो होतो, ते सविस्तर सांगतो. प्राचीन चीनमध्ये हे गणित मोजणीच्या फळीवर काड्या मांडून करत. तिथे एक अट एका उभ्या स्तंभात असे आणि पहिली अट सर्वांत उजवीकडे असे. आपल्या पानावरही मांडणी तशीच छापलेली होती. ती जशी दिसत होती तशी लिहिली, तर असे होते:

```
P = [1, 2, 3; 2, 3, 2; 3, 1, 1; 26, 34, 39]
```

म्हणजे आपल्या सवयीच्या A पर्यंत पोहोचण्यासाठी स्तंभांचा क्रम उलटा करावा लागतो आणि शिवाय उभ्याचे आडवे करावे लागते. वहीतून उतरवताना मी क्रम उलटा केला, पण दुसरी पायरी विसरलो. त्यामुळे A ऐवजी तिची परिवर्त मॅट्रिक्स T हाती आली:

```
T = [3, 2, 1; 2, 3, 2; 1, 1, 3]
```

दोन्ही मॅट्रिक्समध्ये फक्त दोन घटकांचा फरक आहे. A मध्ये a_23 = 1 आणि a_32 = 2 आहे, तर T मध्ये ते उलट आहेत. मी पडताळा म्हणून निश्चयक काढला, तो दोन्हींचा 12 आला आणि मी निश्चिंत झालो. वास्तविक परिवर्त केल्याने निश्चयक बदलतच नाही, त्यामुळे हा पडताळा नेमकी हीच चूक पकडू शकत नाही. T घेऊन समीकरणे सोडवली, तर x = 43/4, y = 1, z = 19/4 अशी सगळी धन आणि सुबक उत्तरे येतात. खटकले ते एवढेच, की हलक्या प्रतीच्या पेंढीतून मध्यम प्रतीच्या पेंढीपेक्षा पावणेचार मापे जास्त धान्य निघत होते. उदाहरणाचे शब्द हाताशी नसते, तर ही चूक मी आपल्या सर्वांना पाठवली असती.

योग्य A वरून मिळणारी व्यस्त मॅट्रिक्स आणि उत्तर पुढीलप्रमाणे आहे:

```
det(A) = 12
inv(A) = (1/12) * [7, -4, -1; -5, 8, -1; 1, -4, 5]
[x; y; z] = inv(A) * b = [37/4; 17/4; 11/4]
```

पुस्तकात उत्तर पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत होते: सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन. एका ओळीत 9 1/4 असे लिहिल्यास मधली जागा गळून 91/4 होण्याचा धोका असतो, म्हणून मी सर्वत्र 37/4 हेच रूप ठेवले आहे. तिन्ही समीकरणांत किमती घालून पाहिल्या आहेत. पहिल्यात 111/4 + 34/4 + 11/4 म्हणजे 156/4, अर्थात 39 येतात. दुसऱ्यात 74/4 + 51/4 + 11/4 म्हणजे 34. आणि तिसऱ्यात 37/4 + 34/4 + 33/4 म्हणजे 26.

पानाच्या खालच्या भागात मूळ चिनी रीत होती, तीही सोबत देतो. तिच्यात भागाकार अगदी शेवटपर्यंत टाळला जातो, आणि मला तिचे सर्वांत मोठे सौंदर्य तेच वाटते. येथे r1, r2, r3 म्हणजे शेवटच्या किमतीसह लिहिलेल्या तीन अटी आहेत.

```
r1 = [3, 2, 1, 39]
r2 = [2, 3, 1, 34]
r3 = [1, 2, 3, 26]
s2 = 3*r2 - 2*r1 = [0, 5, 1, 24]
s3 = 3*r3 - r1   = [0, 4, 8, 39]
t3 = 5*s3 - 4*s2 = [0, 0, 36, 99]
```

शेवटच्या ओळीवरून 36*z = 99, म्हणून z = 11/4. ती किंमत s2 मध्ये घातल्यास 5*y = 24 - 11/4 = 85/4, म्हणून y = 17/4; आणि r1 वरून 3*x = 39 - 34/4 - 11/4 = 111/4, म्हणून x = 37/4.

पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली एक टीप होती, ती मी उतरवून घेतली नव्हती आणि आठवणीवर विसंबून येथे घातलेली नाही. कोणाच्या वहीत ती असल्यास कृपया याच लेखनपद्धतीत कळवावी, म्हणजे ती s2 च्या ओळीनंतर जोडता येईल.

आपला,
मंडळाचा टिपणलेखक